चूल वेगळी, नाव कोणतं?

जनगणनेला आलेला प्रगणक घरातली डोकी मोजून थांबत नाही, सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र होतो का, तेही पाहतो. कारण सरकारी व्याख्येत कुटुंब म्हणजे एरवी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. एका छपराखाली दोन चुली पेटल्या की कुटुंबं दोन. मराठीत तर 'त्यांनी वेगळी चूल मांडली' एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

त्यामुळे एका स्वयंपाकघरात दाटीवाटीनं नांदणाऱ्या एकत्र कुटुंबावर वेबमालिका लिहायची, तर नावाची अडचण पडू नये असं वाटतं. चूल, ओटा, फोडणी, पंगत, मिसळणाचा डबा... शब्दांची कोठी भरलेली आहे. अडचण तिथूनच सुरू होते.

समजा, गोष्ट अशी आहे: डोंबिवलीतलं तीन खोल्यांचं घर, नऊ माणसं, तीन सुना आणि तीन बर्नरची एक शेगडी. सकाळी सातच्या आत चार डबे व्हायचे असतात. एका बर्नरवर सासूबाईंचा चहा, दुसऱ्यावर कुकर, तिसऱ्यावर पोळ्यांचा तवा. धाकटीला भाजी फोडणीला टाकायला जागाच उरत नाही.

पहिलं सुचणारं नाव 'फोडणी'. छोटं, खमंग आणि निरुपयोगी. फोनवर हा शब्द टाकला की भाताच्या, वरणाच्या, ताकाच्या फोडण्या समोर येतील आणि मालिका कुठेतरी त्यांच्याखाली दबून जाईल. शिवाय हे नाव पदार्थाबद्दल बोलतं, माणसांबद्दल नाही. 'पंगत' आणि 'मिसळणाचा डबा' यांचंही तेच होतं.

मग म्हणींकडे वळावं, तर 'घरोघरी मातीच्या चुली' या नावाची मालिका 2024 मध्ये स्टार प्रवाहवर आली. नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो. 'देसी बॉइज' या चित्रपटाच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये तसा निकाल दिला. पण म्हणून कोणतंही नाव बिनघोर उचलता येत नाही. नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं असू शकतं, किंवा नोंद नसली तरी प्रेक्षकांच्या मनात एकाच कलाकृतीशी घट्ट जोडलेलं असू शकतं. म्हणून मनोरंजन सेवांच्या 41 क्रमांकाच्या वर्गात ट्रेडमार्कचा शोध घ्यायचा, निर्मात्यांच्या संघटनेकडच्या नोंदी पाहायच्या आणि मगच नाव पक्कं करायचं.

म्हण घ्यायचीच, तर ती अर्धी घ्यावी. 'चार दिवस सासूचे' ही ई-टीव्ही मराठीवरची मालिका 2001 ते 2013 चालली. सुनेचे चार दिवस नावात नाहीत. ते प्रेक्षक मनातल्या मनात जोडतो आणि सून आपले दिवस कधी पाहणार, याची वाट पाहू लागतो. 'घरोघरी...'मध्ये म्हण पुरी होते आणि दिलासा मिळतो. नऊ माणसांच्या घरात मात्र कुतूहल हवं, दिलासा नंतर.

दुसरी वाट बोलण्यातल्या वाक्याची. 'होणार सून मी ह्या घरची' किंवा 'आई कुठे काय करते' ही नावं कुणाच्या तरी तोंडची वाटतात. डोंबिवलीच्या ओट्यापाशी असं एक वाक्य रोज ऐकू येईल: 'गॅस कोणी बंद केला?' धाकटी दुधाकडे पाठ करून डबा भरते, वळते तर बर्नर थंड. थोरली म्हणते, उतू जात होतं. सासूबाई काहीच म्हणत नाहीत. या प्रश्नात दाटी, संशय, घाई, सगळं आहे. फक्त पोस्टर पाहणाऱ्याला ही रहस्यकथा वाटण्याचा धोका आहे, आणि लोक लांब नाव तोडतातच. मग मालिका उरेल नुसती 'गॅस'.

उरतं 'वेगळी चूल'. दोनच शब्द, फोनवरच्या अंगठ्याएवढ्या चित्रातही वाचता येतील असे. रोमन लिपीत मात्र 'vegli chul', 'vegali chool', 'vegalee chul' असं कुणी काहीही टाइप करेल, म्हणून ही सगळी रूपं मालिकेच्या शोधशब्दांत आधीच घालून ठेवावी लागतील. या नावावर एक आक्षेप रास्त आहे: शेवट उघडा पडतो. पण घर खरंच फुटतं का, हे लेखकाच्या हातात आहे. तिसऱ्या भागात धाकटी इंडक्शनची शेगडी आणते आणि ओट्यावर जागा नाही म्हणून आपल्या खोलीतल्या कपाटावर ठेवते. त्यावर ती फक्त मुलाचं दूध तापवते. तेवढ्यानं चूल वेगळी झाली की नाही, यावर बाकीची आठ माणसं पुढचे पाच भाग भांडू शकतात.