गुडघ्याचा एमआरआय: किती टेस्लाच्या मशीनवर?

गुडघा मुरगळला, सूज उतरेना, तेव्हा ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एमआरआय’ लिहिलं. आता घरच्यांपुढे प्रश्न येतो की तो करायचा कुठे. एका सेंटरमध्ये 0.3 टेस्लाचं उघडं मशीन आहे, दुसरीकडे 1.5 टेस्लाचं आणि तिसरीकडे 3 टेस्लाचं. आकडा मोठा तितकं मशीन चांगलं, असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे.

टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप. एमआरआयचं चित्र तयार होतं ते मुख्यतः शरीरातल्या पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनच्या केंद्रकांपासून. चुंबकात शिरल्यावर ही केंद्रकं क्षेत्राच्या दिशेने आणि उलट दिशेने जवळजवळ सारखीच विभागली जातात. 1.5 टेस्लाला एका बाजूची संख्या दहा लाखांमागे जेमतेम पाचने जास्त भरते. 3 टेस्लाला ती दहाने जास्त असते, 0.3 ला फक्त एकाने. सगळा सिग्नल येतो तो या वरकड केंद्रकांमधूनच.

आता गुडघ्याकडे येऊ. समजा, 1.5 टेस्लाच्या मशीनवर एका मालिकेला तीन मिनिटं लागतात. चित्रातला प्रत्येक ठिपका 0.4 मिलिमीटरचा आहे आणि प्रत्येक काप 3 मिलिमीटर जाडीचा. हेच चित्र 0.3 टेस्लावर काढायचं, तर सिग्नल ढोबळमानाने पाचपट कमी मिळेल. मोजणी पुन्हा पुन्हा करून चित्रातली खरखर कमी करता येते, पण ती अर्ध्यावर आणायला वेळ चौपट लागतो. पाचपट तूट भरून काढायला पंचवीसपट वेळ, म्हणजे एका मालिकेला सव्वा तास! गुडघ्याला अशा चार-पाच मालिका लागतात. इतका वेळ पाय न हलवता कोण पडून राहील?

म्हणून तडजोड चित्रात होते. ठिपका 0.8 मिलिमीटरचा केला, काप 4 मिलिमीटरचा केला, की एका ठिपक्यात येणारं ऊतक सुमारे पाचपट होतं आणि सिग्नलची तूट भरून निघते. वेळ तेवढाच राहतो, पण बारकावा जातो. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, चित्रात काळी दिसते आणि तिच्यातली चीर पांढरी रेघ म्हणून उमटते. ही चीर केसासारखी बारीक असेल, तर मोठ्या ठिपक्यात ती शेजारच्या काळ्यात मिसळून नुसती करडी छटा उरते. मग ती फाटलेली गादी आहे की वयोमानाने झालेली झीज, हे रेडिओलॉजिस्टला छातीठोकपणे सांगता येत नाही. पुढचं लिगामेंट पूर्ण तुटलं असेल किंवा सांध्यात पाणी साचलं असेल, तर ते मात्र 0.3 वरही सहसा दिसतं. बंद बोगद्यात जीव घाबरा होणाऱ्या माणसाला किंवा आई शेजारी बसलेली हवी असणाऱ्या मुलाला उघड्या मशीनवर स्वस्थ पडता येत असेल, तर तेच योग्य ठरतं. मोठ्या मशीनवर हललेल्या पायाची चित्रं कडांना भुतासारख्या दुहेरी रेषा घेऊन येतात, आणि त्यांचा उपयोग त्याहून कमी.

मग 3 टेस्लावर दुप्पट सिग्नल म्हणजे पाव वेळ? कागदावर तसंच दिसतं, प्रत्यक्षात होत नाही. जास्त ताकदीच्या क्षेत्रात ऊतकांना पूर्वस्थितीवर यायला जास्त वेळ लागतो. शिवाय तेच रेडिओ तरंग वापरले, तर शरीरात जिरणारी ऊर्जा सुमारे चौपट होते, आणि तिला सुरक्षिततेची मर्यादा असल्यामुळे मशीनला मध्ये थांबावं लागतं. रुग्णाला थोडं ऊबदार वाटतं, ठोकल्यासारखा आवाजही बहुधा मोठा असतो. मिळालेल्या सिग्नलचा काही भाग वेळ वाचवण्यात जातो, बराचसा पातळ काप घेण्यात. त्यामुळे कुर्च्याचा पातळ थर, मनगटातली बारीक लिगामेंट, मेंदूतला फिटचा सूक्ष्म केंद्रबिंदू अशा कामांना 3 टेस्ला खरंच उपयोगी पडतं.

पण त्याच गुडघ्यात आधीच्या ऑपरेशनचा धातूचा स्क्रू असेल, तर चित्र उलटतं. धातूभोवती चुंबकीय क्षेत्र वाकडं होतं आणि तिथे काळा खड्डा व वेडीवाकडी कड दिसते. क्षेत्र जितकं ताकदीचं तितका हा खड्डा मोठा, म्हणून स्क्रूजवळचं लिगामेंट पाहायला 1.5 टेस्ला सहसा 3 पेक्षा बरं. पेसमेकर आणि काही इम्प्लांटची तर परवानगीच ठराविक टेस्लापुरती असते. 1.5 ला चालणारं उपकरण 3 ला किंवा 0.3 ला चालेलच असं नाही, म्हणून इम्प्लांटचं कार्ड अपॉइंटमेंट घेतानाच दाखवावं.

एकाच ताकदीच्या दोन मशीनची चित्रंही सारखी नसतात. गुडघ्याभोवती बसवलेली कॉइल आणि निवडलेली मोजमापं यांवर बरंच अवलंबून असतं. सीडी उघडली की चित्राच्या कोपऱ्यात बहुधा कापाची जाडी, FOV आणि मॅट्रिक्स लिहिलेलं असतं. FOV 160 मिलिमीटर आणि मॅट्रिक्स 400 असेल, तर ठिपका 0.4 चा. 200 असेल, तर 0.8 चा.