स्लॅब उशिरा का पडतो?

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या इमारतीचं काल्पनिक उदाहरण घेऊ. साइटवर वावरलेल्या कोणालाही ते ओळखीचं वाटेल. सहा स्लॅब पडले, त्यातले पाच ठरलेल्या तारखेपेक्षा चार-पाच दिवस उशिरा. कारण विचारलं की उत्तर तयार असतं : "लेबर गावाला गेलं होतं." मग मुकादमाला दम दिला जातो, आणि पुढचा स्लॅबही उशिराच पडतो.

इथे माशाच्या काट्याची आकृती उपयोगी पडते. टोकियो विद्यापीठातले प्राध्यापक काओरू इशिकावा यांनी जपानी कारखान्यांत ती रुजवली. कागदावर एक आडवी रेघ मारायची, तो कणा. उजव्या टोकाला डोकं, म्हणजे आपली अडचण. कण्याला तिरके काटे : माणसं, साहित्य, यंत्रं, पद्धत, मोजमाप आणि बाहेरची परिस्थिती. प्रत्येक काट्यावर त्या गटातली संभाव्य कारणं लिहायची.

डोक्यात काय लिहिता यावर निम्मं काम ठरतं. "कामाला उशीर होतो" एवढंच लिहिलं तर सगळं जग काट्यांवर येऊन बसतं. "सहापैकी पाच स्लॅब चार-पाच दिवस उशिरा पडले" असं लिहिलं की प्रत्येक कारणाला जाब विचारता येतो. आणि आकृती काढताना साइट इंजिनिअर, सेंट्रिंगवाला, बार बेंडर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळे समोर हवेत. ऑफिसात एकट्याने काढलेल्या आकृतीत फक्त काढणाऱ्याचं मत असतं.

आपल्या साइटवर काटे भरले : लेबर कमी, सळई उशिरा आली, काँक्रीटचा पंप बिघडला, स्टील पुन्हा सोडून बांधावं लागलं, पाऊस. इथवरचे सगळे नुसते संशयित. बहुतेक जण इथेच थांबून सर्वात जास्त हात वर झालेलं कारण निवडतात, आणि फसतात. बघायची असते साइटची रोजची नोंदवही, आणि त्यातही आधी वेळेवर पडलेला स्लॅब. आपल्याकडे तो चौथा. तो होळीच्या दिवसांत पडला होता, तेव्हा निम्मं लेबर गावाला होतं! म्हणजे लेबरचा काटा बराच बोथट झाला. पंप एकदाच बिघडला होता. पण उरलेल्या चारही उशिरा पडलेल्या स्लॅबांच्या नोंदीत एक ओळ पुन्हा पुन्हा दिसली : चेकिंगनंतर स्टील सोडून परत बांधलं.

आता या एकाच काट्यावर 'का?' विचारत खाली उतरायचं. ही सवय टोयोटा कंपनीतली. तिथले ताईची ओनो पाच वेळा 'का' विचारायला सांगत.

स्लॅब उशिरा का? बांधलेलं स्टील सोडावं लागलं. का? बाथरूमच्या पाइपांसाठी ठेवलेल्या स्लीव्ह चुकीच्या जागी होत्या. का? प्लंबरने जुन्या ड्रॉइंगवर काम केलं. इथे "प्लंबर निष्काळजी" म्हणून थांबण्याचा मोह होतो. माणसाच्या नावावर थांबलात तर माणूस बदलतो, उशीर राहतो. म्हणून पुढे : जुनं ड्रॉइंग त्याच्याकडे का? सुधारित ड्रॉइंग इंजिनिअरच्या फोनवर आलं, प्लंबरच्या हातातली प्रिंट कोणी परत घेतली नाही. का? ते काम कोणाचं, हे ठरलेलंच नव्हतं.

पण चौथ्या प्रश्नाला दुसरी फांदीही फुटते. ड्रॉइंग इतक्या उशिरा बदललंच का? कारण ग्राहकांनी मागितलेले बाथरूममधले बदल सेंट्रिंग चढेपर्यंत स्वीकारले जात होते. चौथ्या मजल्यावर असा एकही बदल नव्हता, म्हणून तो स्लॅब वेळेवर पडला. पाच हा आकडा काही पवित्र नाही. एखादी साखळी तिसऱ्या 'का'ला संपते, एखादी दुभंगते. जिथे आपल्या हातातली व्यवस्था बदलता येते, तिथे थांबावं. "पाऊस पडला" हे उत्तर म्हणूनच अपुरं. पाऊस येणार हे धरून वेळापत्रक का नव्हतं, हा पुढचा प्रश्न.

साखळी खरी आहे का, हे तपासायला ती उलटी वाचावी, मध्ये 'म्हणून' घालत : प्रिंट परत घेण्याचं काम कोणाचंच नव्हतं, म्हणून जुनी प्रिंट प्लंबरकडे राहिली, म्हणून स्लीव्ह चुकल्या, म्हणून स्टील सोडलं, म्हणून स्लॅब लांबला. एखादा 'म्हणून' अडखळला तर तिथे अंदाज घुसला आहे.

उपाय मग छोटे निघतात. खालचा स्लॅब पडला की वरच्या मजल्याचे बदल बंद. प्रत्येक ड्रॉइंगवर सुधारणेचा क्रमांक आणि तारीख. नवी प्रिंट देताना जुनी परत घ्यायची, आणि ते काम एका ठरावीक इंजिनिअरचं. स्टील बांधण्याआधी स्लीव्हच्या जागांवर प्लंबरची सही. पुढच्या तीन स्लॅबांत स्टील सोडावं लागलं नाही आणि तरीही उशीर झालाच, तर आपण चुकीचा काटा उपसला. अशा वेळी आकृती फाडू नका; नोंदवही घेऊन पुन्हा त्याच कागदाशी बसा.