कॉर्टिसॉल-आधिक्यावरील औषधोपचार
मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे हॉर्मोन दीर्घकाळ वाजवीपेक्षा जास्त स्रवत राहिल्यास कुशिंग लक्षणसमूह उद्‌भवतो. पुष्कळदा त्याचे मूळ पोष ग्रंथीतील लहान अर्बुदात असते व ते शस्त्रक्रियेने काढून टाकणे हाच पहिला उपाय होय. अर्बुद पूर्णपणे निघाले नाही, पुन्हा वाढले किंवा रुग्णाच्या प्रकृतीमुळे शस्त्रक्रिया लांबणीवर पडली, तर औषधांचा आश्रय घ्यावा लागतो. किरणोपचाराचा परिणाम दिसण्यास कित्येक महिने वा वर्षे लागत असल्याने त्या मधल्या काळातही औषधे द्यावी लागतात.

यांपैकी मेटिरापोन हे जुने परंतु अजूनही उपयोगात असलेले औषध आहे. कॉर्टिसॉल तयार होण्याची अखेरची पायरी घडविणारे एंझाइम ते रोखते व काही तासांतच रक्तातील कॉर्टिसॉल उतरू लागते. सामान्यतः 250 मिग्रॅ. दिवसातून तीन-चार वेळा देऊन प्रारंभ करतात व मोजणीनुसार मात्रा वाढवितात. पायरी अडल्यामुळे तिच्या आधीचे पदार्थ मात्र साचतात. त्यांच्यामुळे रक्तदाब वाढणे, पोटॅशियम घटणे आणि स्त्रियांत मुरूम व चेहऱ्यावर केस येणे हे त्रास संभवतात.

दिवसभरात अनेकदा रक्त घेऊन कॉर्टिसॉलची सरासरी लिटरमागे सु. 150 ते 300 नॅनोमोल ठेवण्याचा प्रयत्न करतात. येथेच एक फसगत होते. साचलेले 11-डीऑक्सिकॉर्टिसॉल रचनेने कॉर्टिसॉलसारखेच असल्याने नेहमीच्या प्रतिपिंडाधारित परीक्षेत काही अंशी कॉर्टिसॉल म्हणून मोजले जाते. उदा., मात्रा वाढविल्यानंतर आठवड्याभरात एखाद्या स्त्रीला उलट्या, अतिशय थकवा व उभे राहताना घेरी येऊ लागली आणि अहवालात 340 हा आकडा आला, तर औषध अजून अपुरे पडत आहे असे वाटेल. त्याच नमुन्याची द्रव्यमान वर्णपटमितीने तपासणी केल्यास खरा आकडा 90 निघू शकतो. म्हणजे कॉर्टिसॉल धोकादायक रीत्या कमी झालेले असते. अशा वेळी आकड्यापेक्षा लक्षणांवर विश्वास ठेवणेच योग्य. अहवालाची वाट न पाहता मेटिरापोन थांबवून हायड्रोकॉर्टिसोन देतात. पुढे औषध कमी मात्रेत सुरू करतात, किंवा स्राव पूर्ण रोखून हायड्रोकॉर्टिसोन बाहेरून पुरवितात. कॉर्टिसॉल उतरले की मधुमेहावरील औषधांची गरजही घटते. ती वेळीच कमी न केल्यास रक्तातील साखर फार खाली जाते.

कीटोकोनॅझोल हेही कॉर्टिसॉलची निर्मिती कमी करते. परंतु त्याने यकृताला इजा होण्याचा संभव असल्याने प्रारंभी दर आठवड्याला यकृताच्या चाचण्या करतात. मिफेप्रिस्टोन निर्मिती न रोखता ऊतकांतील कॉर्टिसॉलचे ग्राहीच अडविते. त्यामुळे रक्तातील कॉर्टिसॉल जास्तच राहते किंवा आणखी वाढते, आणि त्याच्या मोजणीचा मात्रा ठरविण्यास उपयोग होत नाही. तेथे साखर, वजन, रक्तदाब व पोटॅशियम यांवरच लक्ष ठेवावे लागते.