चार अँपिअर, पाच तास

विजेवर चालणारी स्कूटर घ्यायची म्हटलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपल्या मीटरला हा लोड झेपेल का? एवढी गाडी पळवणारी वीज म्हणजे एसीएवढी तरी ओढत असेल, असा समज असतो. हिशेब मात्र वेगळं सांगतो. बहुतेक स्कूटरचे घरगुती चार्जर साडेसहाशे ते साडेनऊशे वॅटचे असतात. साडेसातशे वॅटचा चार्जर धरला आणि त्यात वाया जाणारी थोडी वीज मिळवली, तर भिंतीतून सव्वाआठशे वॅटच्या आसपास निघतात. २३० व्होल्टला हे चार अँपिअरच्या आतच बसतं. हजार वॅटची इस्त्री याहून जास्त घेते आणि दोन हजार वॅटचा गिझर दुपटीहून जास्त.

तरीही प्लग वितळलेला किंवा सॉकेट करपलेलं दिसतं ते इस्त्रीपेक्षा स्कूटरच्या बाबतीत. फरक वेळेचा आहे. इस्त्री दहा-पंधरा मिनिटं चालते आणि त्यातही तापली की स्वतःच बंद-चालू होत राहते. स्कूटरची तीन युनिटची बॅटरी रिकामी असेल तर चार्जर चार-पाच तास सलग, एकसारखा प्रवाह ओढतो. तोही बहुधा रात्री, सगळे झोपलेले असताना. सॉकेटमधला जो दोष इस्त्रीच्या दहा मिनिटांत कोमट होऊन विरतो, त्याला इथे पिकायला पूर्ण रात्र मिळते.

हा दोष म्हणजे सैल सांधा. तो समजून घ्यायला एकच आकडा पुरतो. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जिला वायरमन नुसती ‘अडीचची’ म्हणतात, ती वीस मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन चाळीस मीटर होते आणि तिचा रोध साधारण ०.३ ओहम भरतो. चार अँपिअर प्रवाहाला त्यात पाचेक वॅट उष्णता निर्माण होते. चाळीस मीटरवर पसरलेली ही उष्णता हाताला कळणारही नाही. आता तोच ०.३ ओहम सॉकेटमधल्या सैल पट्टीत, नखाएवढ्या जागेत गोळा झाला आहे अशी कल्पना करा. पाच वॅट तेवढेच, पण सगळे एका ठिपक्यावर. पितळेची पट्टी तापते, काळवंडते आणि तिचा ताण जातो. काळवंडलेल्या पट्टीचा रोध आणखी वाढतो. तो एक ओहमवर पोचला की उष्णता सोळा वॅट होते, म्हणजे जवळजवळ लहान सोल्डरिंग आयर्नएवढी, आणि तीही प्लास्टिकच्या डबीत कोंडलेली.

या सगळ्यात एमसीबी पडत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. एमसीबीला फक्त प्रवाह कळतो. सांधा कितीही तापला तरी प्रवाह चार अँपिअरच असतो. सोळाच्या एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल. ‘एमसीबी आहे ना, काही झालं तर पडेल’ हा दिलासा ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटपुरताच खरा आहे. सैल सांध्याचा पहारा माणसालाच करावा लागतो.

तो अवघड नाही. नव्या जागी पहिल्यांदा चार्जिंग लावलं की तासाभराने सॉकेटचं स्विच बंद करून प्लग काढावा आणि पिनांच्या मुळाशी, प्लास्टिकवर बोट ठेवून पाहावं. किंचित उबदार लागलं तर चालेल. बोट ठेवून राहवत नसेल तर ते सॉकेट त्या दिवसापासून बाद. पांढऱ्या प्लेटवर भोकांभोवती आलेला पिवळा-तपकिरी रंग, मासळीसारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास, कान लावला तर येणारी बारीक चरचर, प्लग हलवला की चार्जरचा दिवा लुकलुकणं, ही त्याच दोषाची लक्षणं. अशा वेळी नुसतं सॉकेट बदलून भागत नाही. मागची वायर करपली असेल तर ताजं तांबं लागेपर्यंत ती कापून नव्याने स्क्रूखाली घट्ट बसवायला हवी. वायर ॲल्युमिनियमची असेल, जशी जुन्या इमारतींत अजून सापडते, तर त्या पॉइंटवर स्कूटर लावूच नये. स्क्रूखाली ॲल्युमिनियम दबत जातं, त्यावर गंज चढतो आणि आज घट्ट केलेला सांधा काही महिन्यांत पुन्हा ढिला पडतो.

सॉकेट कोणतं? चार अँपिअरला सहा अँपिअरचं छोटं सॉकेट कागदावर पुरतं. पण सोळाच्या पॉवर पॉइंटच्या पट्ट्या रुंद असतात, पकड मजबूत असते आणि त्याच्यामागे सहसा अडीचची वायर असते, लाइट-पंख्याच्या सर्किटसारखी दीडची किंवा एकची नव्हे. चार्जरचा प्लग जाड पिनांचा असेल तर सोळाचाच पॉइंट हवा. गडबड होते ती दोन्ही मापांचे प्लग घेणाऱ्या जोड सॉकेटमध्ये. त्यात वर्षभर जाड पिना घातल्या की पट्ट्या फाकतात आणि नंतर बारीक पिनांचा प्लग आत लोंबकळत राहतो. एक्स्टेन्शन बोर्ड आणि कन्व्हर्टर प्लग यांच्याबद्दल माझं मत कठोर आहे: स्कूटरसाठी दोन्ही नकोत. प्रत्येक जोडणीबरोबर एक नवा सांधा येतो आणि गुंडाळून ठेवलेल्या बारीक वायरीला उष्णता टाकायला जागाच मिळत नाही.

आता अर्थिंग. याबद्दल आपल्याकडे जितकं बोललं जातं त्याच्या निम्मंही तपासलं जात नाही. चार्जरच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांच्यातून अगदी थोडा प्रवाह कायम अर्थच्या तारेत जात असतो. अर्थ नसेल तर धातूच्या भागावर शंभर-सव्वाशे व्होल्टचा दाब चढून राहतो आणि ओल्या हाताने गाडीला स्पर्श केला की झिणझिण्या येतात. प्रवाह क्षीण असल्यामुळे तेवढ्यावर निभावतं. पण आतलं इन्सुलेशन खरंच फुटलं तर हीच गाडी जिवंत होते. म्हणून बरेच चार्जर अर्थ सापडला नाही की चार्जिंग सुरूच करत नाहीत.

इथे एक घातक जुगाड होतो. चार्जर दोष दाखवतो, वायरमन येतो आणि सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थच्या पिनेत तारेचा एक तुकडा जोडून देतो. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. पुढे कधी न्यूट्रलचा सांधा तुटला तर परतीची वाट शोधणारे पूर्ण २३० व्होल्ट त्या तुकड्यातून थेट गाडीच्या सांगाड्यावर येतात. शिवाय चार्जरमधली गळती त्याच तुकड्यातून न्यूट्रलला परत गेल्यामुळे आरसीसीबीला जाणारा आणि येणारा प्रवाह सारखाच दिसतो. म्हणजे जीव वाचवणारं उपकरणही आंधळं होतं.

हे पकडायचं कसं? वायरमनकडून मल्टिमीटरने तीन मापं घ्यावीत. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. मग त्याच बोर्डावर इस्त्री चालू करून तिसरं माप पुन्हा घ्यावं. भार पडल्यावर न्यूट्रलवरचा दाब थोडा वाढतोच. भार टाकूनही आकडा शून्यावरच चिकटला असेल तर सॉकेट उघडून तो तुकडा शोधावा. मल्टिमीटर तुटलेल्या अर्थलाही कधीकधी फसवा आकडा दाखवतो, म्हणून अनुभवी वायरमन फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावून बघतो. बल्ब पूर्ण पेटला, किंवा आरसीसीबी ताबडतोब पडला, तर अर्थची वाट शाबूत आहे. घरच्या माणसाने हा प्रयोग करू नये.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचाच हवा आणि चार्जरसाठी ‘ए’ प्रकारचा घ्यावा, कारण इलेक्ट्रॉनिक उपकरणांची गळती साध्या ‘एसी’ प्रकाराला कधीकधी ओळखता येत नाही. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबावं. मात्र आरसीसीबी ओव्हरलोड ओळखत नाही, त्यामुळे त्याच्या जोडीला एमसीबी लागतोच.

आता सगळं एकत्र जुळवून पाहू. समजा ठाण्यातली पंचवीस-तीस वर्षांची चार मजली इमारत आहे, लिफ्ट नाही, बॅटरी गाडीतून निघत नाही आणि फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. अशा ठिकाणी बाल्कनीतून खाली सोडलेली वायर दिसते. पावसात भिजत, उन्हात तडकत ती जिन्याच्या खिडकीच्या धारेवर घासत असते. योग्य रस्ता खालीच असतो. मीटर रूममध्ये आपल्याच मीटरच्या बाहेरच्या बाजूने, परवानाधारक ठेकेदाराकडून, एक वेगळी लाइन काढायची. छोट्या पेटीत फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा सोळाचा एमसीबी आणि त्याच्याजवळ आरसीसीबी. तिथून पार्किंगपर्यंत वीस मीटर, तीन तारांची अडीचची आर्मर्ड केबल. शेवटी झाकणाचं, पाणी न शिरणारं सोळाचं सॉकेट, पावसाचं पाणी साचतं त्या पातळीच्या बरंच वर. वर काढलेल्या हिशेबाने या लाइनवर एक-सव्वा व्होल्ट पडेल, म्हणजे काहीच नाही. अर्थ मात्र मीटर रूमच्या पट्टीवर नुसता जोडून थांबू नये. ती पट्टी सोसायटीच्या ज्या अर्थ पिटला जाते तो पिट शोधावा. कित्येक ठिकाणी त्यावर पेव्हर ब्लॉक बसलेले असतात. मीठ-कोळशाचा जुना पिट असेल तर त्याला एप्रिल-मेमध्ये पाणी लागतं. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही.

आणि गाडी उभी कुठे करायची? जिन्याखाली किंवा मीटर रूमच्या तोंडाशी नको. सप्टेंबर २०२२मध्ये सिकंदराबादेत तळघरातल्या विजेच्या स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली आणि वरच्या लॉजमधल्या आठ जणांचा जीव गेला. धूर वर चढायला जिना हीच वाट असते आणि माणसांना खाली उतरायलाही तीच.

खरा ओव्हरलोड फ्लॅटमध्ये क्वचित होतो, पार्किंगमध्ये मात्र सहज. कॉमन लाइटच्या लाइनवर एकाने सॉकेट काढून घेतलं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. दीडची वायर आणि दहाचा एमसीबी. दोन स्कूटर आठ अँपिअर, ठीक. तिसरी लावली की बारा. इथे लोकांना वाटतं की एमसीबी लगेच पडेल. पण दहाचा एमसीबी बारा अँपिअर तासभर, कधी त्याहून जास्त वेळही, सोसू शकतो. तो नक्की पडावा यासाठी साडेचौदाच्या आसपास प्रवाह आणि तोही तासभर लागतो. चौथी गाडी आली की रात्री साडेअकराला पॅसेजमध्ये अंधार होतो, सकाळी भांडण होतं आणि कोणीतरी दहाच्या जागी बत्तीसचा एमसीबी बसवून वाद मिटवतो. त्या दिवसापासून दीडच्या वायरीचं रक्षण करणारं काहीच उरत नाही. एमसीबी वायरीच्या मापाचा असतो, गाड्यांच्या संख्येचा नव्हे. चौथ्या गाडीसाठी नवी लाइन ओढायला लागते; आणि आज ना उद्या बारा गाड्या होतील असं दिसत असेल तर अठ्ठेचाळीस अँपिअरचा हिशेब धरून सोसायटीने चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर आणि जाड मुख्य केबल मागावी. तो अर्ज पार्किंगमधलं पहिलं सॉकेट बसण्याआधी गेला तर फोडाफोडी एकदाच होते.