चिन्ह काढलं की गेम जातो का?

माझ्या मावशीच्या फोनवर सव्वीस गेम होते. लुडो, कॅरम, सुडोकू, शब्दकोडी आणि उरलेले नातवंडांनी घातलेले. चार पानांवर पसरलेल्या त्या चिन्हांत हवा तो गेम तिला सापडत नसे. एके दिवशी आम्ही फोन आवरायला बसलो, पण आधी एक गोष्ट तपासली. पडद्यावर बोट खालून वर सरकवलं. सगळ्या अॅपची यादी उघडली. म्हणजे होम स्क्रीनवरची चिन्हं हे नुसते शॉर्टकट होते. ते काढले तरी गेम फोनमध्येच राहणार होते.

ही यादी सगळ्याच फोनवर नसते. काही लाँचरमध्ये सगळी अॅप थेट होम स्क्रीनवरच मांडलेली असतात. तिथे चिन्ह काढणं म्हणजे गेमच उडवणं. म्हणून चिन्ह दाबून धरल्यावर नीट वाचा: ‘Remove’ म्हणजे फक्त चिन्ह जाईल, ‘Uninstall’ म्हणजे गेम जाईल. मावशीच्या आधीच्या फोनवर हीच चूक झाली होती. कॅरम ती ‘गेस्ट’ म्हणून खेळायची. गेम काढला, पुन्हा घेतला, तर दोन वर्षांची नाणी आणि लेव्हल सगळं शून्यावर आलं होतं.

मग फोल्डर केले. एक चिन्ह दुसऱ्यावर ओढून सोडलं की फोल्डर तयार होतो. कोडी, पत्ते, रेसिंग अशी वाटणी मला पटत नाही, कारण गेम शोधताना आपण प्रकार आठवत नाही, वेळ बघतो. मावशीचे फोल्डर तीनच झाले: ‘पाच मिनिटं’, ‘नेट नको’ आणि ‘मुलांचे’. गावी जाताना एसटीत रेंज गेली की दुसरा उघडायचा. फोल्डर बंद असताना त्यातली पहिली काही चिन्हंच बाहेरून दिसतात, म्हणून रोजचे गेम पुढे घेतले.

विजेट मात्र एकच ठेवलं, सुडोकूचं. दोन बाय दोनचं विजेट चार चिन्हांची जागा खातं. शिवाय अँड्रॉइडच्या नेहमीच्या व्यवस्थेत विजेट आपोआप ताजं होतं ते अर्ध्या तासाहून लवकर नाही. त्यामुळे ‘लाइफ भरल्या’ सांगणारं विजेट बऱ्याचदा जुनीच माहिती दाखवत बसतं.

त्याहून उपयोगी सोय फार लोकांना ठाऊक नसते. काही गेमचं चिन्ह दाबून धरलं की छोटा मेनू येतो. त्यातली ओळ बोटाने ओढून होम स्क्रीनवर सोडली की त्या ठिकाणी नेणारा वेगळा शॉर्टकट होतो. पण मेनूत काय द्यायचं हे गेम बनवणारे ठरवतात, आणि काही गेममध्ये ‘App info’पलीकडे काहीच नसतं.

शेवटी होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये नवीन अॅपचं चिन्ह आपोआप येण्याचा पर्याय बंद केला. तो चालू राहिला असता तर नातवंडांच्या पुढच्या भेटीत पानं पुन्हा भरली असती.

तुम्ही कुठलाही गेम फोनमधून काढणार असाल, तर आधी तो उघडून त्याच्या सेटिंगमध्ये तुमचं खातं जोडलेलं आहे का, तेवढं बघा.