जुन्या सामन्याचं वजन किती?

लेस्टर सिटीने 2014-15 च्या प्रीमियर लीगमध्ये 38 सामन्यांत 55 गोल खाल्ले. पुढच्याच हंगामात फक्त 36, आणि थेट विजेतेपद! मग या संघाचा बचाव किती भक्कम मानायचा? दोन्ही हंगाम सारखेच धरले तर सामन्यामागे सरासरी 1.20 गोल येतात. पण एक वर्षापूर्वीचा लेस्टर आता उरलेलाच नव्हता.

मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी 1997 मध्ये यावर सुरेख तोड काढली. प्रत्येक सामन्याला वजन द्यायचं, आणि सामना जसा जुना होईल तसं ते घटवत न्यायचं:

`w = exp(-ξt)`

इथे t म्हणजे सामन्याला उलटलेला काळ, अर्ध्या आठवड्यांत मोजलेला. ξ साठी त्यांनी 0.0065 हा आकडा निवडला. त्यामुळे वर्षभरापूर्वीच्या सामन्याचं वजन साधारण निम्मं उरतं. लेस्टरचा आधीचा हंगाम ढोबळमानाने निम्म्या वजनाने धरला, तर सरासरी 1.11 वर येते. (खऱ्या गणितात समोरचा संघ आणि घरचं मैदानही धरतात.)

खरी मेख ξ निवडण्यात आहे. तो फार मोठा घेतला तर मोजकेच ताजे सामने उरतात आणि एखादा नशिबाचा 5-0 विजयही आक्रमणाचा अंदाज फुगवतो. फार लहान घेतला तर नवा प्रशिक्षक, नवे खेळाडू यांचा परिणाम महिनोन्‌महिने दिसत नाही.

म्हणून ξ चा कस जुन्या निकालांशी जुळण्यावर लावत नाहीत. प्रत्येक सामन्याआधी, तोवरच्याच माहितीवर अंदाज करायचा. ज्या ξ ने न पाहिलेले निकाल सर्वांत चांगले वर्तवले, तोच घ्यायचा.