सहा कारणांना सहा गुण?

इतिहासाच्या पेपरात दहा गुणांसाठी एक प्रश्न आला आहे, असे समजू: ‘१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांना सावकारांची पिळवणूक हेच एक कारण होते, असे म्हणता येईल का? पुराव्याच्या आधारे चर्चा करा.’ एका मुलीने सहा कारणे एकाखाली एक लिहिली. एका मुलाने तीनच घेतली. पण त्यांतल्या एकाने दुसऱ्याला कसा जोर दिला, हे नीट उलगडले. ‘मुद्द्याला एक गुण’ या नेहमीच्या पद्धतीने मुलीला सहा गुण मिळतात आणि मुलाला तीन. प्रश्नाला खरे उत्तर मात्र मुलानेच दिलेले असते.

हा घोळ परीक्षकाचा नसून गुणदान योजनेचा आहे. मुद्दे मोजणारी योजना टीपा आणि थोडक्यात उत्तरांसाठी चालते. निबंधवजा उत्तरात विद्यार्थी माहितीचे काय करतो, ते तपासायचे असते. त्यासाठी मुद्द्यांच्या यादीऐवजी कामगिरीच्या पातळ्या ठरवाव्या लागतात. शिक्षक याला ‘रुब्रिक’ म्हणतात.

पातळ्या लिहिण्याआधी प्रश्नच पुन्हा वाचावा. वरच्या प्रश्नातला कळीचा शब्द ‘एक’ हा आहे. म्हणजे सावकारीबद्दल कितीही लिहिले, तरी ती इतर कारणांशेजारी ठेवून तोलली नाही, तर उत्तर अपुरे राहते. मग तोलण्यासाठी हाताशी काय आहे, ते शिक्षकाने स्वतःपुरते मांडावे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस अडल्यामुळे इकडच्या कापसाला भाव चढला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले. युद्ध संपल्यावर भाव कोसळले. त्याच सुमारास जमिनीची नवी आकारणी होऊन शेतसारा वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य धरला होता. तो शेतकऱ्याच्या रक्षणासाठी होता. पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. १२ मे १८७५ रोजी सुपे इथे उठाव झाला, तेव्हा जमावाचा रोख वह्या आणि कर्जरोख्यांवर होता. ही सामग्री म्हणजे आदर्श उत्तर नव्हे. कोणत्या विधानाला कशाचा आधार मिळू शकतो, हे परीक्षकाला ठाऊक असावे, एवढ्यासाठी ती आहे.

आता पातळ्या. इथे सर्वांत जास्त चुका विशेषणांमुळे होतात. ‘उत्कृष्ट विश्लेषण’, ‘चांगले विश्लेषण’, ‘साधारण विश्लेषण’ अशी उतरंड लिहिली, तर ‘चांगले’ म्हणजे किती चांगले, हे प्रत्येक परीक्षक आपल्या मनाने ठरवतो. दोन पातळ्यांमधला फरक कागदावर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. आपल्या प्रश्नासाठी तो असा लिहिता येईल:

पहिली पातळी, १ ते २ गुण: दंग्याची हकीकत सांगितली आहे, पण कारणांकडे वळलेले नाही.

दुसरी पातळी, ३ ते ५ गुण: कारणे दिली आहेत, पण सुटी. त्यांतून दंगा कसा पेटला, हे सांगितलेले नाही.

तिसरी पातळी, ६ ते ८ गुण: निदान दोन कारणे घेऊन प्रत्येकातून दंग्यापर्यंतचा मार्ग पुराव्यासह दाखवला आहे.

चौथी पातळी, ९ ते १० गुण: कारणांचा एकमेकांशी संबंध दाखवला आहे आणि ‘एकच कारण’ या दाव्यावर त्याच मांडणीतून निघणारा निर्णय दिला आहे.

एकेक पायरी चढताना उत्तराची लांबी नव्हे, तर त्यातले काम बदलते: सांगणे, नोंदवणे, समजावणे, तोलणे. आधी उत्तर कोणत्या पातळीशी सर्वांत जास्त जुळते ते ठरवायचे, मग त्या पातळीच्या मधल्या गुणापासून वर किंवा खाली सरकायचे. मुलीच्या उत्तरात शेतसारा, कापसाचे भाव, व्याज ही नावे आहेत, पण जोडणी नाही. ते दुसऱ्या पातळीत बसते. तिची माहिती भरपूर आणि अचूक आहे, म्हणून पाच गुण. मुलगा लिहितो, की भाव पडले म्हणून कर्ज फिटेना, वाढलेला सारा भरायला पुन्हा कर्जच लागत होते आणि नेमके तेव्हाच ते मिळेना. त्यामुळे सावकारावर राग निघाला, पण त्याला ही संधी सरकारी धोरणाने दिली. ही चौथी पातळी आहे. त्याच्या विधानांना आणखी एखादा पुरावा हवा होता, म्हणून नऊ.

‘मधला गुण’ प्रत्येक पातळीला सापडतोच असे नाही. दोनच गुणांच्या पातळीत पुराव्याचा भक्कमपणा पाहून निवड करावी लागते, आणि तेही रुब्रिकमध्ये लिहून ठेवावे.

तथ्यातल्या चुकांचे काय करायचे, तेही आधीच ठरवावे. १८७५ ऐवजी १८७३ लिहिले, तर मांडणी ढासळत नाही. पातळी तीच ठेवून फार तर एक गुण कमी करावा. पण ‘अमेरिकेत युद्ध सुरू झाले म्हणून कापसाचे भाव पडले’ असे लिहिले, तर कारणाची साखळीच उलटी होते. त्या कारणाला समजावलेले कारण म्हणून धरता येत नाही आणि उत्तर खालच्या पातळीत जाऊ शकते.

पाठांतराचा सापळाही ओळखायला हवा. पातळ्या माहीत झाल्या, की ‘म्हणून सावकारी हे एकच कारण नव्हते’ हे वाक्य प्रत्येक उत्तराच्या शेवटी येऊ लागते. म्हणूनच चौथ्या पातळीत ‘त्याच मांडणीतून निघणारा’ हे शब्द आहेत. शेवटचे वाक्य झाकून उत्तर वाचावे. निर्णय कोणत्या बाजूला झुकणार, हे तरीही कळत असेल, तर तो कमावलेला आहे.

निर्णय कोणता असावा, हे मात्र रुब्रिकने सांगू नये. सरकारच्या चौकशी आयोगाने साऱ्याच्या मागणीला दोषमुक्त ठरवले. त्याचा अहवाल पुरावा म्हणून वापरणाऱ्या विद्यार्थ्याने ‘आयोग सरकारनेच नेमला होता’ असे बजावले, तर ते वरच्या पातळीचे काम आहे. नील चार्ल्सवर्थ यांच्यासारख्या इतिहासकाराने तर या दंग्यांना वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले, असे मांडले आहे. प्रश्नाच्या गृहीतकालाच पुराव्यानिशी आव्हान देणारे उत्तर रुब्रिकच्या कोणत्याही ओळीत चपखल बसत नाही. ते बाजूला काढून दोघा शिक्षकांनी मिळून वाचावे. रुब्रिकची मर्यादा तिथे संपते.

रुब्रिक नीट उतरले आहे का, हे तपासायला एकच खात्रीचा उपाय आहे. दोन शिक्षकांनी तीच पाच उत्तरे स्वतंत्रपणे, कागदावर गुण न लिहिता तपासावीत. एखाद्या गुणाचा फरक चालेल. पण पातळीच वेगळी आली, तर वाद शब्दावर आहे. नुसते ‘सुपे’ हे गावाचे नाव एकाला पुरावा वाटते, दुसऱ्याला वाटत नाही. मग लिहावे: ‘पुरावा म्हणजे एखाद्या विधानाला आधार देण्यासाठी वापरलेली माहिती.’ ही दुरुस्ती पहिला गठ्ठा तपासण्याआधी करावी. अर्धे पेपर झाल्यावर शब्द बदलले, तर आधीचे सगळे पेपर पुन्हा काढावे लागतील.